रात्री लाईट गेली की सकाळची पावलं शून्य

"माय, आज पुन्हा शून्यच दाखवायलंय. विद्यापीठाच्या गेटापर्यंत जाऊन आलो मी, आन् हे म्हणतंय जागचा हललाच नाहीस."

सकाळी सव्वासातला मामांचा फोन आला की विषय हाच असायचा. मामा परभणीला राहतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. साखर वाढल्यावर डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं आणि चालल्याची नोंद दर महिन्याला दाखवायलाही सांगितलं. मे महिन्यात परभणीचं ऊन कसं असतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको, म्हणून मामा पहाटे पाचला निघतात आणि कृषी विद्यापीठाच्या झाडांखालच्या रस्त्यानं फिरून सहाच्या आत परततात. नोंद फोनमधल्या पावलं मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये होते. पण आठवड्यातून दोनदा तरी ती शून्य यायची.

मी मोबाइल अ‍ॅप तयार करण्याचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणारच होता. माझ्याआधी तिघांनी तो 'सोडवला' होता. शेजारच्या मुलानं परवानगी दिली, भाच्यानं अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, मोबाइल दुकानदारानं कॅशे साफ करून दिला. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस आकडा बरोबर आला आणि मग पुन्हा शून्य. हे सविस्तर लिहिते आहे ते त्यासाठीच. शून्य एकदा येणं वेगळं आणि बरं होऊन परत परत येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा आपण उपाय म्हणून जे करतो त्यानं काम झालेलं नसतं, ते करताना सहज घडलेल्या दुसऱ्याच गोष्टीनं झालेलं असतं.

मोजतो कोण, लिहितो कोण

फोनमधली पावलांची मोजणी समजायला विजेचा मीटर डोळ्यांसमोर आणा. मीटर भिंतीवर लावलेला असतो आणि त्याचा आकडा फक्त वाढत जातो. या महिन्याची युनिटं किती, हे मीटर सांगत नाही. रीडिंग घेणारा माणूस येतो, आजच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करतो, तेव्हा बिल निघतं.

फोनमधला स्टेप सेन्सर असाच मीटर आहे. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून ही सोय आहे. फोन चालू झाल्यापासून किती पावलं पडली, एवढा एकच आकडा तो सांभाळतो. आज किती, काल किती, हे त्याला ठाऊक नसतं. ती वजाबाकी अ‍ॅप करतं. समजा, रात्री बाराला सेन्सरचा आकडा १२,३१० होता आणि सकाळी फिरून आल्यावर १७,५१० झाला, तर अ‍ॅप आजची ५,२०० पावलं दाखवतं.

या व्यवस्थेत दोन नाजूक जागा आहेत आणि जवळजवळ सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात. एक म्हणजे फोन बंद होऊन चालू झाला की सेन्सरचा आकडा शून्यापासून सुरू होतो, जुना मीटर काढून नवा बसवल्यासारखा. दुसरी गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. कुणीतरी 'मोज' म्हणून सांगितल्याशिवाय हा सेन्सर मोजायला बांधील नसतो. अ‍ॅप आधी सेन्सरकडे नाव नोंदवतं आणि मग मोजणी सुरू होते. फोनमधली दुसरी एखादी सेवा आधीच ऐकत असेल तर सेन्सर चालूच राहतो, पण त्यावर विसंबता येत नाही. अ‍ॅपच मेलेलं असेल, तर आपण गोदाकाठानं नांदेडपर्यंत चालत गेलो तरी त्या चालण्याची नोंद होईलच असं नाही, आणि ती मागाहून मिळवायचीही सोय नाही.

आधी पन्नास पावलांची परीक्षा

सेटिंग उघडण्याआधी एवढं करा. अ‍ॅप उघडा आणि आकडा कागदावर लिहा. फोन पँटच्या खिशात ठेवा आणि मोजून पन्नास पावलं सरळ, नेहमीच्या चालीनं चाला. थांबा, आणि लगेच पाहू नका. वीज वाचवण्यासाठी सेन्सर आकडा थोडा उशिरा देतो, हा उशीर दहा सेकंदांपर्यंत चालतो. पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या आणि मग अ‍ॅप पाहा. घरातल्या घरात चार पावलं टाकून "काहीच मोजत नाही" असं ठरवू नका. पुष्कळ फोन सुरुवातीची काही पावलं रोखून धरतात आणि चाल लयीत आहे याची खात्री पटल्यावरच मोजायला लागतात. बसल्या बसल्या पाय हलवले तर ती पावलं धरली जाऊ नयेत, म्हणून ही खबरदारी असते.

आकडा पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान वाढला तर सेन्सर ठीक, परवानगी ठीक, अ‍ॅपही ठीक. मग दोष अ‍ॅप उघडं नसताना घडणाऱ्या गोष्टींत आहे. आकडा हललाच नाही तर परवानगीपासून सुरुवात करा.

मामांच्या फोनवर ही परीक्षा मी घेतली तेव्हा आकडा बरोबर ४९ नं वाढला. म्हणजे परवानगीचा प्रश्न त्या घडीला नव्हता, आणि तरी पहिल्या उपायाचा वेळ परवानगीवरच गेला होता.

परवानगी: कुठली हवी, कुठली नको

२०१९ च्या अँड्रॉइड १० पासून पावलं मोजण्यासाठी अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. फोन इंग्रजीत असेल तर तिचं नाव Physical activity असं दिसतं. अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, App info उघडा, Permissions मध्ये जा, Physical activity वर टिचकी मारा आणि Allow निवडा. ही परवानगी नसेल तर रीडिंग घेणाऱ्याला घराचं फाटकच बंद. मीटर फिरत असला तरी आकडा त्याच्या हाती लागत नाही.

इथं दोन घोटाळे वारंवार होतात. लोकेशनची परवानगी दिली की पावलं मोजली जातील असं वाटतं, पण लोकेशन फिरण्याचा रस्ता नकाशावर दाखवायला लागतं, पावलं मोजायला नाही. दुसरी Body sensors नावाची परवानगी. नाव ऐकून हीच असेल असं वाटतं, पण ती हृदयाच्या ठोक्यांसारख्या मोजमापासाठी असते. या दोन्ही दिल्या आणि Physical activity राहिली, तर अ‍ॅप तक्रार न करता शून्य दाखवत राहतं.

दिलेली परवानगी आपोआप निघूनही जाते. मामींच्या फोनवर हेच झालं होतं. दिवाळीपर्यंत त्या नेमानं फिरत होत्या, मग लग्नसराई लागली, गुडघा दुखायला लागला आणि अ‍ॅप कित्येक महिने उघडलंच गेलं नाही. अँड्रॉइड ११ पासून बरेच महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेतो. App info मध्ये खाली Pause app activity if unused किंवा Remove permissions if app is unused असं एक बटण असतं. परवानगी पुन्हा द्या आणि पावलांच्या अ‍ॅपसाठी ते बटण बंद करून ठेवा. मामींचं काम तेवढ्यावर झालं आणि नंतर तक्रार आली नाही.

परवानगी आहे, तरी पन्नास पावलांत एकही मोजलं गेलं नाही, तर वरून पडदा खाली ओढून Sensors Off नावाचं बटण चालू आहे का ते पाहा. डेव्हलपर ऑप्शन्स हा एरवी लपलेला मेनू उघडलेल्या फोनवरच ते दिसतं. ते चालू राहिलं तर हालचाल टिपणारे सेन्सर आणि कॅमेरा, माइक एकदमच बंद होतात, त्यामुळे हा दोष ओळखायला सोपा. फोन आडवा केल्यावर व्हिडिओही फिरत नसेल तर आधी तिथंच पाहा.

मामांची वही

परवानगी ठीक, पन्नास पावलं ठीक, आणि तरी शून्य. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा नोंदी ठेवाव्या लागतात. मी मामांना म्हटलं, "सात दिवस वही ठेवा. रोज फिरून आल्यावर आकडा लिहा, आणि शेजारी रात्री फोनचं काय झालं ते लिहा. चार्जिंग किती होतं, लाईट गेली होती का, फोन बंद पडला होता का, कुणी हाताळला का." आयुष्यभर वेबिल भरलेला माणूस तो, वही अगदी नेटकी ठेवली त्यांनी.

सोमवारी ५,३१२. मंगळवारी ५,१८०. बुधवारी शून्य, आणि शेजारी लिहिलेलं: 'रात्री दीडला लाईट गेली, पाचला आली, फोन मेला होता, पाच मिनिटं चार्ज करून घेऊन गेलो.' गुरुवारी ५,२४६. शुक्रवारी शून्य, पुन्हा तसंच, 'रात्री लाईट नव्हती.' शनिवारी ५,३०४. रविवारी २,११०, शेजारी 'निघताना १४ टक्के.'

वही वाचली आणि चित्र स्पष्ट झालं. फोन तीन वर्षं जुना, बॅटरी दमलेली. मामा रात्री झोपताना फोन चार्जिंगला लावायचे. लाईट गेली की आधीच कमी चार्ज असलेला फोन पहाटेपर्यंत बंद पडायचा. उठल्यावर चालू करून खिशात टाकायचे आणि निघायचे. त्या दिवशी शून्य.

फोन नव्यानं चालू झाल्यावर सेन्सर शून्यापासून सुरू होणार हे खरं, पण तेवढ्यानं सकाळचा फेरा बुडायला नको. चांगलं अ‍ॅप सेन्सरचा आकडा मागच्यापेक्षा कमी दिसला की फोन रीस्टार्ट झाला हे ओळखतं आणि शून्यापासून पुढे जोडत राहतं. त्यासाठी अ‍ॅप जागं मात्र असावं लागतं. मामांच्या फोनवर या अ‍ॅपचं Autostart बंद होतं, म्हणजे फोन चालू झाल्यावर अ‍ॅपला स्वतःहून सुरू व्हायची मुभा नव्हती. मग सेन्सरला 'मोज' म्हणणारं कुणीच नव्हतं. मामा ५,००० पावलं चालून घरी यायचे आणि आकडा बघायला अ‍ॅप उघडायचे. त्या क्षणी अ‍ॅप जिवंत व्हायचं आणि शून्यापासून मोजायला लागायचं.

आधीचे तीन उपाय का 'चालले' तेही इथंच उलगडलं. परवानगी दिली म्हणून नाही, पुन्हा टाकलं म्हणून नाही, कॅशे साफ केला म्हणूनही नाही. तिघांनीही शेवटी अ‍ॅप उघडून पाहिलं, आणि उघडल्यामुळे ते चालू झालं. पुढच्या वेळी रात्री लाईट जाईपर्यंत ते चालूच राहिलं. मामांच्या भागात उन्हाळ्यात ती आठवड्यातून दोनदा जायचीच.

ऑटोस्टार्ट आणि बॅटरीची बंधनं

बॅटरी जास्त टिकावी म्हणून फोन मागे चालणाऱ्या अ‍ॅपना आवर घालतो. अँड्रॉइडचं स्वतःचं एक बंधन असतं, आणि त्यावर फोन बनवणाऱ्या कंपनीचं आणखी एक. लोक पहिलं उघडतात आणि दुसरं तसंच राहतं.

पहिलं सगळीकडे सारखं आहे. App info मध्ये Battery उघडा. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या बहुतेक फोनवर तिथं Unrestricted, Optimised आणि Restricted असे तीन पर्याय दिसतात. Restricted असेल तर पावलांचं अ‍ॅप मागे चालणार नाही, हे धरूनच चाला. Optimised वर चांगल्या फोनमध्ये सहसा भागतं. आकडा चुकतोय अशी शंका असेल तर Unrestricted करा. यानं बॅटरी लवकर उतरेल ही भीती या एका अ‍ॅपपुरती बाजूला ठेवा. मोजणी वेगळी चिप करते, अ‍ॅप फक्त मधूनमधून आकडा घेतं.

दुसरं बंधन कंपनीनुसार वेगळ्या जागी सापडतं. रेडमी, शाओमी आणि पोकोवर App info मध्येच Autostart चं बटण असतं, ते चालू करा आणि Battery saver मध्ये No restrictions निवडा. ओप्पो, रियलमी आणि वनप्लसवर App info मधल्या Battery usage मध्ये Allow auto launch आणि Allow background activity ही दोन बटणं असतात, दोन्ही चालू हवीत. विवोवर Autostart ची परवानगी वेगळी असते, आणि मागे किती वीज वापरू द्यायची हे Battery मध्ये वेगळं ठरवावं लागतं. सॅमसंगवर Battery मधलं Background usage limits उघडा. अ‍ॅप Sleeping apps किंवा Deep sleeping apps च्या यादीत असेल तर बाहेर काढा आणि कधीच न झोपणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत घाला. फोनचं सॉफ्टवेअर बदललं की ही नावं इकडची तिकडे होतात, म्हणून सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत auto किंवा background लिहून पाहा. मोठ्या अपडेटनंतर ही बटणं एकदा तपासा, काही फोनवर ती मूळ जागी गेलेली आढळतात.

आणखी एक सवय सोडावी लागते. रात्री झोपताना सगळी अ‍ॅप वर सारून साफ करायची, म्हणजे फोन हलका होतो, असं पुष्कळांना वाटतं. काही फोनवर असं सारलेलं अ‍ॅप नुसतं पडद्यावरून जात नाही, पुरतं बंद होतं आणि पुन्हा हातानं उघडेपर्यंत उठत नाही. पुष्कळ फोनवर अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीत अ‍ॅपच्या चौकटीवर बोट दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं. पावलांच्या अ‍ॅपला ते कुलूप घाला. 'फोन क्लीनर' म्हणून टाकलेली अ‍ॅपही हेच उद्योग करतात. मामांच्या फोनवर असं एक होतं, ते मी काढूनच टाकलं.

App info मधलं Force stop दाबू नका. अडकलेलं अ‍ॅप सुटावं म्हणून लोक ते दाबतात. पण तसं थांबवलेलं अ‍ॅप Autostart चालू असूनही फोन सुरू झाल्यावर उठत नाही, तुम्ही स्वतः उघडाल तेव्हाच उठतं. Clear storage दाबलं तर मागच्या महिन्यांच्या नोंदीही जाऊ शकतात, आणि डॉक्टरांना दाखवायच्या त्या त्याच असतात.

तरी एकदा शून्य आलंच

Autostart चालू केलं, बॅटरीचं बंधन काढलं आणि खात्रीसाठी परीक्षा घेतली. फोन रीस्टार्ट केला, अ‍ॅप उघडलं नाही, फोन खिशात घालून मामांना गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा पाठवलं. आल्यावर अ‍ॅप उघडलं, ३८६ पावलं. आधी याच परीक्षेत शून्य यायचं. मी निश्चिंत मनानं छत्रपती संभाजीनगरला परतले.

आठ दिवसांनी मामांचा फोन. "माय, ते पुन्हा तसंच करायलंय बघ."

या वेळी चूक माझ्या परीक्षेत होती. मी रीस्टार्ट केल्यावर सवयीनं पॅटर्न काढून फोन उघडला होता. मामा पहाटे अंधारात फोन चालू करतात आणि पॅटर्न न काढता तसाच खिशात टाकतात. फोन नव्यानं सुरू झाल्यावर पहिल्यांदा पॅटर्न किंवा पिन घालेपर्यंत आतली माहिती कुलूपबंद असते आणि बहुतेक अ‍ॅप सुरूच होत नाहीत. गजर वाजतो, फोन येतो, त्यामुळे सगळं चालू आहे असं वाटतं. पावलांचं अ‍ॅप मात्र दाराबाहेर उभं असतं. माहिती सुरक्षित राहावी म्हणून केलेली ही सोय आहे, ती बदलायची नसते. बदलायची ती सवय. फोन चालू केला की एकदा पॅटर्न काढायचा, मग खिशात ठेवायचा.

रविवारच्या २,११० पावलांचं कोडं याहून सोपं. १४ टक्क्यांवर फोन आपोआप बॅटरी बचतीच्या अवस्थेत गेला आणि त्यांच्या फोनच्या कडक बचतीत मागचं अ‍ॅप अर्ध्या रस्त्यात थांबवलं गेलं. आकडा शून्य नसून रोजच्यापेक्षा निम्मा आला तर आधी तिथं पाहा. अ‍ॅपमध्ये तासाप्रमाणे आलेख असेल तर तो उघडा, मोजणी कुठल्या मिनिटाला थांबली ते स्पष्ट दिसतं.

आकडा जास्त येत असेल तर

हे शून्यापेक्षा क्वचित होतं, म्हणून थोडक्यात. चालण्यात येणारा ठरावीक लयीचा झटका सेन्सर ओळखतो. ट्रॅक्टरवर बसलं, खडबडीत रस्त्यानं मोटारसायकल चालवली, तर तसेच झटके त्यालाही मिळतात आणि काही पावलं फुकट वाढतात. शेतावर गाडीनं जाऊन आलेल्या वेळेला आलेखात उंच खांब दिसला तर कारण तेच.

सगळ्या दिवसांचा आकडा जवळपास दुप्पट येत असेल तर कारण वेगळं. मनगटावरचं घड्याळही मोजतं, फोनही मोजतो, आणि दोन्ही एकाच जागी जमा होतात. हेल्थ कनेक्ट या अँड्रॉइडच्या आरोग्याच्या नोंदी जमवणाऱ्या सोयीत कुठल्या साधनाचा आकडा आधी धरायचा याचा क्रम लावता येतो. घड्याळ वर ठेवा, नाहीतर अ‍ॅपमध्ये फोनची मोजणी बंद करा.

कमी येण्याची साधी कारणंही असतात. फोन ओट्यावर ठेवून घरभर कामं केली तर ती पावलं मोजायला तिथं कुणी नसतं. अगदी हळू, पाय ओढत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पावलं बऱ्याचदा निसटतात, कारण झटका फार सौम्य असतो. त्यांच्यासाठी फोन शर्टाच्या खिशापेक्षा पँटच्या खिशात किंवा कमरेला घट्ट बसलेला बरा. आजोबांचा आकडा शंभरात दहा-पंधरानं कमी येत असेल तर सेटिंग खटपटीत बदलू नका, ती मोजणीची मर्यादा आहे.

फोनमध्ये सेन्सरच नसेल तर

काही स्वस्त फोनमध्ये पावलं मोजणारी वेगळी सोय नसते. तिथं अ‍ॅप साध्या हालचालीच्या सेन्सरवरून स्वतः हिशोब मांडतं. खूण अशी: पडदा चालू असताना पन्नास पावलं बरोबर मोजली जातात, पडदा बंद करून खिशात टाकला की मोजणी थांबते. अँड्रॉइड ९ पासून मागे असलेल्या अ‍ॅपला हा सेन्सर सतत वाचू दिला जात नाही. अ‍ॅपला वर कायमची एक सूचना ठेवून चालावं लागतं, आणि त्यात बॅटरीही जास्त जाते. adb हे अँड्रॉइडचं साधन असलेल्या संगणकाला फोन जोडून तपासता येत असेल तर ही ओळ चालवा.

```
adb shell "dumpsys sensorservice | grep -i step"
```

उत्तरात step counter असं काही दिसलं तर सेन्सर आहे. काहीच आलं नाही, तर सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी तो सापडायचा नाही. अशा फोनवर पावलं मोजायचीच असतील तर साधा मनगटी पट्टा घेणं बरं. अ‍ॅपवर अ‍ॅप बदलून वेळ जातो, मोजणी काही सुधारत नाही.

मामांच्या फोनमध्ये सेन्सर होता. त्यांच्यासाठी मी अ‍ॅपची ती वरची सूचना मुद्दाम चालू ठेवली, पावलांचा आकडा त्या सूचनेतच दिसतो. आता पहाटे फोन चालू केला की ते पॅटर्न काढतात, पडदा खाली ओढून ती ओळ दिसते का पाहतात आणि मगच चपला घालतात. ओळ नसेल तर अ‍ॅप एकदा उघडतात. जूनमध्ये बॅटरीही बदलून घेतली. त्यानंतरच्या वहीत एका रात्रीपुढे 'तीन तास लाईट नव्हती' असं लिहिलंय आणि शेजारी ५,२८८.